वार पडली, तरी रक्त का थांबलं नाही?

«माझी पत्नी २६ वर्षांची. दोन महिन्यांपूर्वी आमच्या तालुक्याच्या ठिकाणी तिचं पहिलं बाळंतपण झालं. अठरा तास कळा चालल्या, शेवटचे सहा-सात तास कळा वाढवायची सलाइन लावली होती. रात्री २.१० ला मुलगी झाली, वजन ३ किलो ६०० ग्रॅम. दहा मिनिटांत वार पडली. वार पूर्ण आहे आणि कुठे फाटलेलंही नाही, असं डॉक्टर म्हणाले. २.४० च्या सुमारास तिचे कपडे रक्ताने भिजले. सिस्टर पोट इतकं जोरात दाबत होत्या की ती किंचाळत होती. एकामागून एक इंजेक्शनं दिली, त्यानंतर तिला थंडी भरून आली, जुलाब झाले. मग आत पाण्याचा फुगा घातला आणि १०८ ने नाशिकला पाठवलं. तिथे तीन पिशव्या रक्त चढवलं. कागदावर लिहिलंय: ॲटॉनिक पीपीएच, रक्तस्राव १४०० मिली, नाडी १२८, बीपी १००/६४, बाळंतपणाआधी हिमोग्लोबिन ९.२. आता ती बरी आहे, बाळाला अंगावर पाजते. पण जखम नसताना एवढं रक्त आलं कुठून? आई म्हणते, पोट लगेच बांधलं नाही म्हणून झालं. सासरे म्हणतात, इंजेक्शन चुकलं. आणि दुसऱ्या वेळी आम्ही काय करायचं?»
— एक वाचक, दिंडोरी तालुका

सप्रेम नमस्कार.

जखम होती. ती प्रत्येक बाळंतिणीला असते, फक्त बाहेरून दिसत नाही. वार गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला जिथे चिकटलेली असते, तिथून ती सुटली की जेवायच्या ताटलीएवढी उघडी जागा मागे राहते. वारेला रक्त पुरवणाऱ्या शंभरेक लहान रक्तवाहिन्यांची तोंडं त्या जागेवर उघडी पडतात. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलीलिटर रक्त जात असतं. म्हणजे या वाहिन्या उघड्याच राहिल्या, तर अंगातलं सगळं रक्त जायला दहा मिनिटंसुद्धा पुरेशी होतात.

बोट कापलं की तिथली रक्तवाहिनी स्वतःच आकसते, कारण तिच्या भिंतीत स्नायू असतो. वारेखालच्या वाहिन्यांचं तसं नसतं. गर्भारपणाच्या पहिल्या काही महिन्यांत वारेच्या पेशी या वाहिन्यांच्या भिंतीत शिरतात आणि तिथला स्नायू नाहीसा करतात. त्यामुळे वाहिन्या रुंद आणि सैल होतात आणि बाळाला अखंड रक्त मिळतं. नऊ महिने ही सोय फार चांगली असते, पण वार सुटल्यावर तीच अंगाशी येते, कारण या वाहिन्यांना स्वतःहून बंद होता येत नाही. त्यांना बाहेरून कुणीतरी आवळावं लागतं.

हे काम गर्भाशयाचा स्नायू करतो. त्याच्या मधल्या थरातले तंतू टोपलीच्या विणीसारखे आडवे-तिडवे गुंफलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या विणीच्या फटींमधून आत येतात. बाळ आणि वार बाहेर पडल्यावर स्नायू आकसला, की प्रत्येक फट आवळली जाते आणि वाहिनी चिमटीत सापडते. एकदा आखूड झालेले तंतू लगेच पुन्हा लांब होत नाहीत, म्हणून चिमटा टिकतो. रक्त गोठून वाहिन्यांची तोंडं कायमची बंद होतात, पण ते नंतर. पहिल्या तासाभरात सगळी भिस्त स्नायूवर असते. स्नायू सैल पडला, तर वार पूर्ण पडलेली असो, कुठेही फाटलेलं नसो, रक्त वाहतच राहतं. तुमच्या कागदावरच्या ‘ॲटॉनिक’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की गर्भाशयात ताण उरला नव्हता. बाळंतपणानंतरच्या जास्त रक्तस्रावाचं, म्हणजे पीपीएचचं, सगळ्यांत मोठं कारण हेच असतं.

तुमच्या पत्नीचा स्नायू सैल का पडला, याचा अंदाज तुमच्या पत्रातच आहे. अठरा तास कळा दिलेला स्नायू थकलेला असतो. त्यातले सहा-सात तास कळांच्या सलाइनमधून ऑक्सिटोसिन जात होतं. स्नायूच्या पेशींवर ऑक्सिटोसिन ओळखणाऱ्या ठरावीक जागा असतात. तासन्‌तास औषध मिळत राहिलं की त्या जागा कमी होत जातात, आणि बाळ झाल्यावर तेच औषध पुन्हा दिलं तर स्नायू पूर्वीसारखी दाद देत नाही. त्यात बाळ ३ किलो ६०० ग्रॅमचं, म्हणजे भिंत चांगली ताणलेली. याचा अर्थ सलाइन लावणं चुकलं असा नाही. अडलेलं बाळंतपण तसंच लांबू दिलं असतं, तर स्नायू आणखी थकला असता. अशा बाईवर नंतर जास्त बारकाईने लक्ष ठेवावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ. हेही सांगायला हवं, की ज्यांना असा रक्तस्राव होतो, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींमध्ये आधी धोक्याचं एकही लक्षण नसतं. म्हणून बाळ झाल्यावर मिनिटाभरात प्रत्येक बाळंतिणीला १० युनिट ऑक्सिटोसिन द्यायचा नियम आहे.

पोट बांधण्याबद्दल आईंना शांतपणे सांगा, की पट्ट्याने कंबरेला आधार वाटतो, पण गर्भाशय त्याने आवळलं जात नाही. उलट पहिल्या दोन तासांत घट्ट पट्टा नकोच, कारण मग गर्भाशय हाताला लागत नाही आणि सैल पडलं तरी कळत नाही.

आता सिस्टर पोट का दाबत होत्या ते. वार पडल्यावर गर्भाशय बेंबीच्या आसपास हाताला लागतं. नीट आकसलेलं असेल तर नारळासारखं गोल आणि टणक लागतं. सैल पडलं असेल तर मळलेल्या कणकेत हात घालावा तसं लागतं, कधी कधी त्याची कडच सापडत नाही. सिस्टर हाताची वाटी करून त्याच्या माथ्यावर गोल चोळतात, तेव्हा स्नायू चेतवला जातो आणि आत साठलेल्या गुठळ्या बाहेर पडतात. या गुठळ्या निघणं फार गरजेचं असतं. त्या आत राहिल्या तर गर्भाशय आतून ताणलेलं राहतं, ताणलेला स्नायू आकसू शकत नाही, आणि न आकसल्यामुळे आणखी रक्त साठतं. बाहेर फारसं दिसत नसताना आत अर्धा लिटर रक्त साठलेलं असू शकतं. चोळणं दुखतं, त्या अवस्थेत फार दुखतं, आणि किंचाळणाऱ्या बाईचं पोट दाबत राहणं सिस्टरांनाही सोपं नसतं. पण त्या वेळी हात थांबला असता तर रक्त थांबलं नसतं. ज्या दाबण्याला आमचा विरोध आहे ते वेगळं. वार सुटायच्या आधी, गर्भाशय सैल असताना वरून पोट दाबायचं आणि खालून नाळ ओढायची, हा प्रकार धोक्याचा आहे. त्यात गर्भाशय आतून बाहेर उलटू शकतं. तुमच्याकडे वार आधीच पडली होती, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

त्याच वेळी बहुतेक लघवीची नळीही घातली असेल. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर ढकलतं आणि नीट आकसू देत नाही. बाळंतीण तासन्‌तास लघवीला गेलेली नसते आणि गडबडीत हे राहून जातं. कधी कधी नळी घातल्यावर गर्भाशय आवळलं जातं आणि पुढची औषधं लागतही नाहीत.

इंजेक्शनं एकामागून एक दिली, कारण ती वेगवेगळ्या वाटांनी काम करतात. पहिलं पुन्हा ऑक्सिटोसिन, सलाइनमध्ये साधारण २० युनिट मिसळून. त्याचा असर काही मिनिटांतच ओसरतो, म्हणून ते थेंबाथेंबाने सतत चालू ठेवावं लागतं. पण या औषधाला सरावलेल्या स्नायूवर ते पुरत नाही. मग मिथाइलअर्गोमेट्रिन ०.२ मिलिग्रॅम दंडात किंवा मांडीत देतात. त्याने स्नायू जोरात आवळतो, पण रक्तदाबही वाढतो, म्हणून बीपीच्या बाईला ते देत नाहीत. त्यानंतर कार्बोप्रोस्ट, २५० मायक्रोग्रॅम, स्नायूत, गरज पडली तर दर १५ मिनिटांनी, जास्तीत जास्त आठ वेळा. दमा असेल तर ते टाळतात, कारण त्याने श्वासनलिकाही आवळल्या जातात. पत्नीला दमा असेल तर पुढच्या वेळी ते आधीच सांगून ठेवा.

सासऱ्यांच्या शंकेचं उत्तर इथेच आहे. कार्बोप्रोस्ट नुसत्या गर्भाशयाचा नाही, आतड्याचाही स्नायू आवळतं. म्हणून जुलाब होतात, उलट्या होतात, थंडी भरून ताप येतो. इंजेक्शन चुकलं नव्हतं, हा त्याचाच नेहमीचा परिणाम होता आणि तो काही तासांत जातो. जिभेखाली ठेवायच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनीही अशीच हुडहुडी भरते. फ्रिज नसलेल्या उपकेंद्रात त्या गोळ्या फार उपयोगी पडतात, कारण ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. टेबलावर उन्हाळाभर पडलेली ऑक्सिटोसिनची कुपी दिसायला तशीच असते, पण तिचा जोर गेलेला असतो.

आणखी एक औषध दिलं असेल, ट्रॅनेक्झामिक ॲसिड, १ ग्रॅम, शिरेतून दहा मिनिटांत सावकाश. ते गर्भाशय आवळत नाही. रक्ताची जी गाठ बसते ती विरघळू देत नाही. २१ देशांतल्या सुमारे वीस हजार बाळंतिणींवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की ते पहिल्या तीन तासांत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. तीन तासांनंतर त्याचा फायदा उरत नाही, आणि त्या तीन तासांतही उशीर होईल तसा फायदा घटत जातो. तुमच्या पत्नीच्या बाबतीत ती मुदत पहाटे ५.१० ला संपत होती. म्हणून हे औषध नाशिकला पोहोचल्यावर नव्हे, निघायच्या आधीच द्यायचं असतं.

औषधांनी पूर्ण यश आलं नाही, तेव्हा फुगा घातला. हा फुगा म्हणजे बहुतेक वेळा रबरी नळीच्या टोकाला दोऱ्याने घट्ट बांधलेला निरोध असतो. ही साधी युक्ती बांगलादेशातल्या डॉक्टर सायेबा अख्तर यांनी रूढ केली. नळी गर्भाशयात सरकवतात आणि रक्त थांबेपर्यंत सलाइन भरत जातात, साधारण २५० ते ५०० मिली. भरलेला फुगा त्या ताटलीएवढ्या उघड्या जागेवर आतून दाबून बसतो. फुगा भरल्यावर रक्त थांबलं तर ऑपरेशन टळायची शक्यता चांगली असते. नाही थांबलं, तर कुठेतरी फाटलंय, वारेचा तुकडा आत राहिलाय किंवा रक्तच गोठेनासं झालंय, असं धरून पुढे जायचं असतं, कारण या तिन्हींवर फुग्याचा इलाज नाही. म्हणूनच वार पूर्ण आहे का आणि कुठे फाटलंय का, हे आधी बघतात. तुमच्या डॉक्टरांनी ते बघून तुम्हाला सांगितलंही होतं. साधारण चोवीस तासांच्या आत फुगा थोडा थोडा रिकामा करून काढतात.

फुग्यानेही भागलं नसतं तर नाशिकला पोट उघडून गर्भाशयाला बाहेरून टाके घातले असते. जाड, विरघळणारा दोरा गर्भाशयाच्या पुढून-मागून खांद्यावरच्या पट्ट्यांसारखा घालतात आणि गर्भाशय आवळून बांधतात. त्याला बी-लिंच टाका म्हणतात. त्यानंतरही पाळी येते आणि दिवस जाऊ शकतात. पुढची पायरी गर्भाशयाकडे जाणाऱ्या धमन्या बांधायची, आणि सगळ्यात शेवटी गर्भाशय काढायची. गर्भपिशवी काढायला लावली म्हणून अनेक घरांत डॉक्टरांवर राग धरला जातो. पण खरं नुकसान बऱ्याचदा तो निर्णय लांबवल्याने होतं. तोपर्यंत अंगातलं गोठणशक्तीचं द्रव्य संपलेलं असतं आणि मग सुई टोचली तिथूनसुद्धा रक्त झिरपायला लागतं.

तुमच्या कागदावरचे आकडे मात्र घरातल्या सगळ्यांना समजावून सांगा. बीपी १००/६४ बघून कुणालाही वाटेल, की ठीकच आहे. तसं नव्हतं. तरुण शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून आणि हृदय जोरात पळवून बीपी बराच वेळ धरून ठेवतं. खरी गोष्ट नाडी सांगते. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याच्या पुढे गेला की बाई धोक्यात आहे असं धरायचं. इथे नाडी १२८ आणि बीपीचा वरचा आकडा १००. त्यांचं वजन ४८-५० किलो धरलं, तर दिवस भरलेल्या बाईच्या अंगात किलोमागे सुमारे १०० मिली, म्हणजे ५ लिटरच्या आत-बाहेर रक्त असतं. त्यातलं १४०० मिली, म्हणजे जवळजवळ तीस टक्के गेलं होतं. बीपी कोसळतं ते या टप्प्याच्या जवळपास, आणि मग फार झपाट्याने. त्यातून हिमोग्लोबिन आधीच ९.२. तेवढंच रक्त १२ हिमोग्लोबिनच्या बाईचं गेलं असतं, तर कदाचित एखादी पिशवी कमी लागली असती.

रक्त किती गेलं हे नुसत्या नजरेने नेहमी कमी वाटतं, कधी कधी निम्मंच. साडी, गोधडी, खालचा कापूस सगळं शोषून घेतात. पूर्ण भिजलेल्या एका पॅडमध्ये साधारण १०० मिली रक्त असतं. म्हणून आता बाळंतिणीच्या कमरेखाली खुणा केलेली प्लास्टिकची मोजपिशवी लावतात. आफ्रिकेतल्या चार देशांत अशी पिशवी लावून रक्त मोजलं, आणि स्राव जास्त दिसताच चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झामिक ॲसिड, सलाइन आणि तपासणी हे सगळं एकदमच सुरू केलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अतिगंभीर रक्तस्राव, त्यासाठीचं पोटाचं ऑपरेशन आणि मृत्यू हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. औषधं जुनीच होती. वेळेवर मोजणं आणि एकेका उपायाच्या परिणामाची वाट न बघणं, एवढं नवीन होतं.

दुसऱ्या वेळी काय करायचं, ते सांगतो. एकदा असं झालेल्या बाईला पुन्हा व्हायचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तरी बऱ्याच जणींना तो पुन्हा होत नाही. पहिलं काम आत्ताच सुरू करायचं. लोहाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस रोज, चहाबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर बरं. तीन पिशव्यांनी हिमोग्लोबिन ढोबळमानाने तीनने वाढतं, पण बाळंतपणाआधीच ते ९.२ होतं हे विसरू नका. महिन्याभराने पुन्हा तपासा. पुढचे दिवस राहायच्या आधी दोन वर्षांचं अंतर ठेवा. त्या वेळी सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल, तर नुसत्या गोळ्यांवर न राहता शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. नवव्या महिन्यात बोलून उपयोग नाही, कारण लोहाचं रक्त व्हायला काही आठवडे लागतात.

बाळंतपण तालुक्याला न करता नाशिकला करा, रक्त हाताशी असेल आणि रात्रीही ऑपरेशन होऊ शकेल अशा ठिकाणी. तुम्हाला दिंडोरीहून नाशिक तासाभरात गाठता येतं. पेठ-सुरगाण्याकडच्या बाईला घाट चढून यावं लागतं, तिने तर शेवटचा आठवडा नाशिकला नातेवाइकांकडे राहायलाच यावं. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधं, रक्त आणि गाडी या सगळ्याचा खर्च जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे.

दाखल होतानाच तीन गोष्टी मागा. हाताला जाड सुई आधीच लावून ठेवायची, रक्तगट जुळवून रक्त राखून ठेवायचं आणि बाळ झाल्यावर ऑक्सिटोसिनची सलाइन काही तास चालू ठेवायची. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी गर्भाशय, रक्त आणि नाडी बघितली जाते, त्या वेळी घरातली एक बाई जवळ असू द्या. तिला नारळ आणि कणीक यांतला फरक हाताने दाखवायला सिस्टरांना सांगा. पॅड पाच-दहा मिनिटांत भिजला, गुठळी पडली, बाळंतीण अस्वस्थ झाली, घाम सुटला, सारखं पाणी मागू लागली, तर तिने सिस्टरांना लगेच हाक मारायची, दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाकडे मग बघता येईल.

नाशिकच्या रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद हरवू देऊ नका. त्याची झेरॉक्स काढून पुढच्या गर्भारपणाच्या कार्डाला टाचा आणि कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घ्या: मागील बाळंतपणात ॲटॉनिक पीपीएच, १४०० मिली, कार्बोप्रोस्ट दिलं, फुगा लावला, तीन पिशव्या रक्त. रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या डॉक्टरांना तुमची सगळी हकिगत ऐकायला वेळ नसतो, पण ती एक ओळ ते नक्की वाचतात.